जुने क्रेडिट कार्ड बंद करताना

पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत कायम नोकरी लागली की आधी पगाराचे खाते उघडते. वर्षा-दोन वर्षांत त्याच बँकेचा माणूस क्रेडिट कार्डाचा अर्ज घेऊन येतो. लोधिवली, मोहोपाडा, चौक या पट्ट्यात पहिले कार्ड असेच मिळालेली बरीच कुटुंबे आहेत. त्या कार्डाची मर्यादा चाळीस-पन्नास हजारांची आणि वार्षिक फी पाचशेच्या आसपास असते. पुढे पगार वाढतो, दुसऱ्या बँकेचे बिनफीचे कार्ड मिळते, सगळा खर्च त्याच्यावर जातो आणि जुने कार्ड कपाटात पडून राहते. मग एक दिवस फी कापल्याचा मेसेज येतो आणि घरात विषय निघतो, की हे कार्ड बंदच का करू नये? नेमक्या त्याच सुमारास चौकला किंवा कर्जतला फ्लॅट बघणे चालू असते, गृहकर्जाची कागदपत्रे गोळा होत असतात आणि ओळखीतला कोणीतरी बजावतो, "जुनं कार्ड बंद करू नकोस, सिबिल पडेल."

या सल्ल्यात तथ्य आहे, पण अर्धेच. जुने कार्ड बंद केल्याने पतअहवालात दोन गोष्टी बदलतात आणि त्या दोन वेगवेगळ्या वेगांनी बदलतात. मर्यादेच्या किती टक्के वापर होतो, हा आकडा काही आठवड्यांत हलतो. पतइतिहासाची लांबी मात्र बहुधा बरीच वर्षे हलत नाही. लोक घाबरतात ते दुसऱ्या गोष्टीला, आणि गृहकर्जाच्या ऐन वेळी अडचण करते ती पहिली.

एक उदाहरण घेऊन आकडे मांडू. समजा, लोधिवलीतल्या एका कामगाराचे जुने कार्ड ऑगस्ट 2011 मधले आहे, मर्यादा 45,000 रुपये. दुसरे कार्ड मार्च 2021 मधले, मर्यादा 75,000 रुपये. किराणा, पेट्रोल, मुलांच्या शाळेची फी, विजेचे बिल असा महिन्याला साधारण 30,000 रुपयांचा खर्च तो दुसऱ्या कार्डावर करतो आणि दर महिन्याला बिल पूर्ण भरतो. व्याजाचा एक रुपयाही त्याने कधी दिलेला नाही.

पतअहवालात त्याच्या दोन्ही कार्डांची मर्यादा मिळून 1,20,000 रुपये दिसते आणि येणे बाकी 30,000. म्हणजे वापर 25 टक्के. जुने कार्ड बंद झाले की एकूण मर्यादा 75,000 वर येते. बाकी तेवढीच राहते, पण वापर 40 टक्के होतो. घरात कोणी आजारी पडले आणि एखाद्या महिन्यात आणखी 15,000 रुपये कार्डावर गेले, तर दोन कार्डे असताना तो 37.5 टक्के दिसला असता, एका कार्डावर तो 60 टक्के दिसतो. खर्च करणारा माणूस तोच आणि त्याची शिस्तही तीच. तरी कर्ज देणाऱ्याला अहवालात दिसतो तो मिळालेल्या उधारीचा अर्ध्याहून जास्त भाग वापरणारा ग्राहक. असे ग्राहक पुढे हप्ता चुकवण्याची शक्यता जास्त असते, या अनुभवावर गुण काढण्याची पद्धत बेतलेली आहे, म्हणून गुण खाली येतो.

वापर 30 टक्क्यांच्या आत ठेवावा, असे सर्रास सांगितले जाते. तो ढोबळ नियम म्हणून ठीक आहे, पण 29 ला सुरक्षित आणि 31 ला धोका, अशी काही भिंत तिथे उभी नाही. वापर जितका कमी तितके बरे, आणि मर्यादा संपत आली की नुकसान वाढत जाते, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

आता याच माणसाच्या दुसऱ्या कार्डाची मर्यादा 75,000 ऐवजी 3,00,000 असती तर? दोन्ही मिळून 3,45,000 वर 30,000 म्हणजे पावणेनऊ टक्क्यांच्या आत, आणि जुने कार्ड बंद केल्यावर बरोबर 10 टक्के. हा फरक कोणाच्या खिजगणतीतही येणार नाही. म्हणून पहिला प्रश्न कार्ड किती जुने, हा नसावा. एकूण मर्यादेतला किती वाटा हे कार्ड उचलते, हे आधी बघावे. आपल्या उदाहरणात तो वाटा 45,000 भागिले 1,20,000, म्हणजे 37.5 टक्के आहे. एवढा मोठा तुकडा काढून घेतला तर त्याचा धक्का बसणारच.

बिल पूर्ण भरूनही बाकी दिसते कशी, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बँक पतमाहिती कंपन्यांना ठरावीक तारखेची स्थिती कळवते. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जायची. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार 1 जानेवारी 2025 पासून ती निदान दर पंधरवड्याला, म्हणजे महिन्याच्या 15 तारखेची आणि शेवटच्या दिवसाची, कळवणे बंधनकारक झाले. तुम्ही बिल 5 तारखेला पूर्ण भरले असेल, पण 15 तारखेपर्यंत पुन्हा 18,000 चा खर्च झाला असेल, तर बाकी दिसू शकते. कोणत्या बँकेकडून त्या दिवसाची प्रत्यक्ष बाकी जाते आणि कोणाकडून शेवटच्या बिलाची रक्कम, हे घरबसल्या तपासता येते. अहवालात कार्डाच्या खात्यासमोर `Current Balance` आणि माहिती कळवल्याची तारीख असे दोन रकाने असतात. तो आकडा आपल्या त्या महिन्याच्या बिलाशी आणि त्या तारखेच्या खर्चाशी लावून बघितला, की आपल्या बँकेची रीत कळते.

ती एकदा कळली की वापराचा प्रश्न बराचसा हातात येतो. बिलाची रक्कम कळवली जात असेल, तर बिल तयार होण्याच्या दोन-तीन दिवस आधीच मोठा भाग भरून टाकावा. आपल्या कामगाराने 30,000 पैकी 20,000 असे आधीच भरले, तर एकाच कार्डावरही वापर 13-14 टक्के दिसेल. वापराचा आकडा मुख्यतः आजची बाकी आणि आजची मर्यादा यांचा असतो. म्हणून तो जसा पटकन बिघडतो तसाच पटकन सुधारतो. कर्जाचा अर्ज तोंडावर आला असताना मात्र पटकन म्हणजे एक-दोन महिनेसुद्धा फार वाटतात.

आता इतिहासाच्या लांबीकडे वळू. 'जुने कार्ड बंद केले की चौदा वर्षांचा इतिहास पुसला जातो' ही समजूत पक्की रुजलेली आहे, पण अहवाल हातात घेतला की ती टिकत नाही. बंद झालेले खाते अहवालातून लगेच गायब होत नाही. त्याच्यासमोर `Date Opened` तसेच राहते आणि `Date Closed` हा रकाना भरला जातो. पतमाहितीची नोंद किमान सात वर्षे जपून ठेवण्याचे बंधन भारतात पतमाहिती कंपन्यांवर आहे. तेव्हा ऑगस्ट 2025 मध्ये बंद केलेले 2011 चे कार्ड निदान 2032 पर्यंत, वेळेवर भरलेल्या हप्त्यांच्या नोंदीसह, अहवालात दिसायला हवे. गृहकर्जाच्या अर्जावर बसलेला बँकेचा अधिकारी ते वाचू शकतो.

गुण काढणारे सूत्र त्या बंद खात्याचे वय धरते की नाही, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत फायको या कंपनीने आपल्या गुणातले वाटे ढोबळपणे जाहीर केले आहेत: परतफेडीचा इतिहास 35 टक्के, देणे असलेल्या रकमा 30, इतिहासाची लांबी 15 आणि बाकी दोन बाबी प्रत्येकी 10. तिथे नीट चालवून बंद केलेले खाते दहा वर्षांपर्यंत अहवालात राहते आणि फायको त्याचे वय मोजत राहते. मराठीत आणि हिंदीत फिरणारे बरेच सल्ले या अमेरिकी आकड्यांवरून उचललेले असतात. ट्रान्सयुनियन सिबिलचे सूत्र असे टक्क्यांनिशी खुले नाही. शिवाय भारतात सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार परवानाधारक कंपन्या आहेत आणि प्रत्येकीचे गणित वेगळे. त्यामुळे 'जुने कार्ड बंद केले की अमुक गुण जातात' असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर विसंबू नये.

सूत्र माहीत नसले तरी वाईटात वाईट काय होईल, हे मोजता येते. धरून चालू की फक्त चालू खात्यांचेच वय मोजले जाते. ऑगस्ट 2025 मध्ये पहिले कार्ड 14 वर्षांचे, दुसरे 4 वर्षे 5 महिन्यांचे. सरासरी 9 वर्षे 2 महिने. जुने बंद केले की ती थेट 4 वर्षे 5 महिन्यांवर येते. घसरण मोठी आहे, पण या माणसाचा पाया ढासळत नाही. आणि बंद खाते मोजले जात असेल, तर ते अहवालातून उतरेल तेव्हा, म्हणजे 2032 किंवा त्यानंतर, दुसरे कार्ड आपसूक अकरा वर्षांचे झालेले असेल. अकरा वर्षे वेळेवर भरलेले खाते कोणत्याही हिशेबाने कोवळे नाही. मधल्या काळात गृहकर्जाचे हप्ते सुरू झाले असतील, तर त्यांचाही इतिहास जमा होत जाईल.

ज्याच्याकडे दुसरे काहीच नाही, त्याचे मात्र वेगळे. या पट्ट्यात हे नेहमी घडते, कारण इथल्या कुटुंबांची उधारी पुष्कळदा पतमाहिती कंपन्यांच्या नजरेआडच असते. कंपनीतल्या कामगारांच्या पतपेढीतून मुलीच्या लग्नासाठी कर्ज घेतले, दर महिन्याला पगारातून हप्ता कापून गेला, एकदाही चुकला नाही. पण पतसंस्थांवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नाही, आणि त्यांच्या कर्जाची नोंद या अहवालात सहसा येत नाही. दहा वर्षांची ती शिस्त सिबिलसाठी झालेलीच नसते. अशा माणसाच्या अहवालात तेवढे एकच जुने कार्ड असते. ते बंद केले आणि पुढे दोन-तीन वर्षे कोणतेही कर्ज किंवा कार्ड घेतले नाही, तर अहवालात ताजी नोंद काहीच उरत नाही. गेल्या काही वर्षांत उधारीचा व्यवहार नसेल, तर सिबिल आकड्याऐवजी `NH` दाखवू शकते, म्हणजे गुण काढण्याइतका इतिहासच नाही. वाईट गुण आणि हे, दोन्ही वेगळे. पण पहिल्यांदा गृहकर्ज मागणाऱ्याला दोन्हींचा त्रास होतो.

तसेच पुरवणी कार्डाचे. नवऱ्याच्या कार्डावर बायकोच्या नावाने घेतलेले ॲड-ऑन कार्ड म्हणजे तिचे स्वतःचे खाते नव्हे. फक्त ॲड-ऑन कार्डे असतील आणि दुसरी उधारी नसेल, तरी `NH` येऊ शकते. नवऱ्याने मुख्य कार्ड बंद केले की तिचेही कार्ड त्याच दिवशी थांबते. गृहकर्जात तिला सहअर्जदार करायचे ठरले असेल, तर ही गोष्ट आधीच तपासलेली बरी.

तर आपल्या उदाहरणातल्या कामगाराने काय करावे? माझे मत स्पष्ट आहे. गृहकर्जाचा अर्ज पुढच्या सहा-आठ महिन्यांत करायचा असेल, तर पाचशे रुपयांची फी आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी, असे 590 रुपये एक वर्ष भरावेत आणि कार्डाला हात लावू नये. कर्जाची रक्कम बिल्डरच्या खात्यात गेल्यावर मग विचार करावा, कारण मंजुरीनंतरही प्रत्यक्ष वाटपाआधी बँक अहवाल पुन्हा काढू शकते. फी भरण्याआधी एक फोन मात्र जरूर करावा. कार्ड बंद करायचे आहे म्हटले की बऱ्याच बँका फी माफ करतात किंवा त्याच खात्यावर बिनफीचे कार्ड देऊ करतात. कार्ड बदलून देत असतील तर एकच प्रश्न विचारायचा: जुने खाते तसेच चालू राहणार, की ते बंद होऊन नवीन उघडणार? नवीन उघडणार असेल, तर 2011 ची तारीख चालू खात्यांतून जाणारच, आणि वर नव्या अर्जाची चौकशीही अहवालात नोंदली जाईल.

कार्ड ठेवायचे ठरवले तर ते नुसते कपाटात ठेवून भागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या क्रेडिट कार्ड निर्देशांनुसार वर्षभराहून जास्त काळ न वापरलेले कार्ड बंद करण्याची प्रक्रिया बँकेने ग्राहकाला कळवून सुरू करायची असते, आणि 30 दिवसांत उत्तर आले नाही तर, थकबाकी नसल्यास, खाते बंद होते. ती सूचना जुन्या मोबाइल नंबरवर गेली तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही. म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा त्या कार्डावर मोबाइलचे रिचार्ज किंवा पेट्रोल घ्यावे आणि बिल बचत खात्यातून आपोआप भरले जाईल अशी सोय करावी. महिन्याचा खर्च दोन्ही कार्डांवर वाटला तर आणखी बरे, कारण एकूण वापराबरोबर एकेका कार्डाचा वापरही अहवालात दिसतो. दुसऱ्या कार्डावरचे 40 टक्के आत्तासुद्धा तिथे दिसतच आहेत.

बंद करायचेच ठरले, तर सगळ्यात मोठी चूक कात्रीने होते. कार्डाचे तुकडे केले म्हणजे खाते बंद झाले, असे समजून लोक निर्धास्त होतात. खाते चालूच राहते. वर्ष भरले की फी लागते, ती न भरल्याने विलंब शुल्क आणि व्याज चढते, मेसेज जुन्या नंबरवर जातात, आणि हजार-बाराशे रुपयांसाठी अहवालात थकलेले दिवस दिसू लागतात. महिन्या-महिन्याच्या त्या नोंदीला `DPD` म्हणतात. वेळेवर भरलेल्या महिन्यासमोर `000` किंवा `STD` असते. तिथे 30, 60, 90 असे आकडे आले, तर गुणाला वापराच्या टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त मार बसतो आणि तो लवकर भरून येत नाही. चौदा वर्षांचे चांगले कार्ड शेवटच्या सहा महिन्यांत असे वाया गेल्याचे मी ओळखीतल्या एकाच्या अहवालात पाहिले आहे. रक्कम होती दीड हजाराच्या आत.

म्हणून आधी बाकी शून्य करावी. चालू हप्ते असतील तर ते फेडावेत, साठलेले रिवॉर्ड पॉइंट वापरून टाकावेत. वीजबिल, विमा, मोबाइल यांचे आपोआप जाणारे पैसे दुसऱ्या कार्डावर वळवावेत. मग बंद करण्याची विनंती करावी. ती हेल्पलाइनवर, ईमेलने, संकेतस्थळावर, नेटबँकिंगमध्ये किंवा ॲपमधून घेण्याची सोय बँकेने ठेवायची असते. टपालानेच अर्ज पाठवा, असा आग्रह ती धरू शकत नाही. विनंतीचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी. बाकी काही नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत खाते बंद व्हायला हवे. त्याहून उशीर झाला, तर रोज 500 रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे, असा नियम आहे. चुकून जास्त भरलेले पैसे खात्यात असतील, तर तेही परत मिळाले पाहिजेत. बंद झाल्याचा मेसेज किंवा ईमेल जपून ठेवावा.

'सेटलमेंट' करून मोकळे व्हा, असे कोणी सुचवले तर सावध राहावे. थकलेल्या रकमेपैकी काही भाग सोडून देऊन बँक खाते मिटवते, तेव्हा अहवालात ते `Settled` म्हणून दिसते. पूर्ण भरून बंद केलेल्या खात्याशी त्याची बरोबरी नाही. गृहकर्ज देणारा अधिकारी तो शब्द पाहून थांबतो आणि पुष्कळदा उरलेली रक्कम भरून ना-थकबाकी पत्र आणायला सांगतो.

बंद केल्यानंतर दोनेक महिन्यांनी अहवाल काढून बघावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. चार कंपन्या म्हणजे चार मोफत अहवाल, तेव्हा ते एकदम न काढता अंतराने काढले तर वर्षभर नजर ठेवता येते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाही. त्यात तीन गोष्टी बघायच्या: `Date Closed` भरले आहे का, बाकी शून्य आहे का, आणि `Date Opened` मूळचीच आहे का. तिसरी गोष्ट विशेषतः कार्डांचा व्यवसाय एका बँकेकडून दुसरीकडे गेला असेल तेव्हा बघावी. सिटी बँकेचा भारतातला ग्राहक व्यवसाय 1 मार्च 2023 रोजी ॲक्सिस बँकेकडे गेला आणि तिची कार्डे नंतर नव्या बँकेच्या नावाने आली. अशा बदलात जुने खाते आणि त्याची तारीख अहवालात कशी उतरली आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. चूक आढळली तर पतमाहिती कंपनीकडे किंवा बँकेकडे तक्रार नोंदवता येते. 30 दिवसांत ती सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल 2024 पासून लागू आहे. त्यानेही काम झाले नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिथे आधी केलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख विचारली जाते.